बालमृत्यू '३० टक्क्यांनी घटवले': जामखेडची बातमी दुरुस्त करताना

आरोग्याची बातमी तपासताना मी आधी क्रियापद बघतो. आकडा बरोबर असतो, पण क्रियापद त्याला नको तिथे नेऊन ठेवतं. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ.

जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावातल्याच बायकांना आरोग्य सेविका म्हणून तयार केलं. या गावांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये आला. प्रकल्पातली गावं आणि त्याच भागातली प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना करून संशोधकांनी पाहिलं, की पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका कुठे किती आहे. उत्तर आलं: प्रकल्पाच्या गावांत ३० टक्के कमी, आणि अंदाजाची मर्यादा ६ ते ४८ टक्के.

आता नमुन्यादाखल मी रचलेली बातमी आणि तिची दुरुस्ती:

```
- जामखेड प्रकल्पाने बालमृत्यू ३०% घटवले, हे सिद्ध
+ जामखेड प्रकल्पाच्या गावांत बालमृत्यूचा धोका
+ बाहेरच्या गावांपेक्षा सुमारे ३०% कमी आढळला
```

'घटवले' का काढलं? कोणत्या गावात प्रकल्प जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं. संशोधकांनी दोन्हीकडच्या कुटुंबांतले मोजता येणारे फरक गणितातून बाजूला काढले, हे खरं. पण जे मोजलंच नाही (समजा, गावातलं पुढारपण), ते बाजूला कसं काढणार? शिवाय 'घटवले' म्हटलं की वाचकाला आधी आणि नंतर असं वाटतं. ही तुलना मात्र इथे आणि तिथे अशी होती.

दुसरी गफलत ३० या आकड्यात आहे. समजा बाहेरच्या गावांत हजारात ६० मुलं दगावत असती (हा आकडा फक्त हिशेबासाठी). मग ३० टक्के कमी म्हणजे साधारण ४२. पण मर्यादेच्या एका टोकाला ५६ येतात, दुसऱ्या टोकाला ३१. ५६ आणि ३१ यात केवढं अंतर आहे बघा! म्हणून मर्यादा बातमीत पहिल्या दोन परिच्छेदांतच हवी, तळाशी नको.

तिसरी गोष्ट बहुतेक बातम्यांत गळते. फरक मुख्यतः पहिल्या महिन्यानंतरच्या मृत्यूंत दिसला. त्यामुळे 'नवजात बाळं वाचली' असं शीर्षक दिलं तर ते सरळ चूकच.

उलटीकडेही घसरू नका. 'कदाचित संबंध असू शकेल' लिहिलं तर अभ्यासावर अन्याय होतो. मर्यादेचं खालचं टोकही शून्याच्या वर आहे, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोग असणं अवघड आहे. कारण प्रकल्पच आहे का, एवढा प्रश्न उरतो. तो बातमीत एका वाक्यात मावतो: 'फरकामागे प्रकल्पाचं काम असावं असा संशोधकांचा निष्कर्ष आहे, मात्र गावं चिठ्ठीने निवडलेली नसल्याने इतर कारणं पूर्णपणे वगळता येत नाहीत.'