एका बटणावर मराठी टायपिंग: स्कॅनिंग कीबोर्ड चालतो कसा?

आपण टाइप करतो तेव्हा बोट अक्षरापर्यंत जातं. स्कॅनिंग कीबोर्डमध्ये उलटं असतं. एक चौकट अक्षरांवरून आपोआप सरकत राहते आणि हव्या त्या अक्षरावर आली की फक्त एक बटण, म्हणजे स्विच, दाबायचा. हाताने, पायाने, डोक्याने, जे हलतं त्याने. स्टीफन हॉकिंग तर गालाचा एक स्नायू हलवून टाइप करायचे; चष्म्यावरचा सेन्सर ती हालचाल टिपायचा.

आमच्या आंधळगावात ओळखीचे एक काका आहेत. पक्षाघातानंतर बोलणं गेलं, उजवा अंगठा तेवढा हलतो. त्यांच्यासाठी मी आधी कागदावर मांडणी केली: पहिल्या ओळीत ा ि ी ु ू, खाली क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग. प्रत्येक ओळीत पाच. आता 'पाणी' लिहू. चौकट एकेक अक्षर घेत गेली तर 'प' २६ व्या पावलाला येतो, 'ा' पहिल्या, 'ण' २० व्या, 'ी' तिसऱ्या. एकूण ५० पावलं. म्हणून आधी अख्खी ओळ उजळते. ओळ निवडली की मग त्यातली अक्षरं. 'प' सहावी ओळ, पहिलं अक्षर, म्हणजे ७ पावलं. तसंच 'ा' ला २, 'ण' ला ९, 'ी' ला ४. एकूण २२! पाऊल एका सेकंदाचं धरलं तर साधारण २२ सेकंदांत पाणी मागता येतं. आपली वर्णमाला पाच-पाचच्या वर्गांत आहे, त्यामुळे अक्षर कुठल्या ओळीत असेल हे शोधावं लागत नाही. जोडाक्षर मात्र महाग पडतं: 'त्या' साठी त, ्, य, ा अशा चार निवडी.

वेग किती ठेवायचा? याचा एक ठोकताळा आहे: माणसाला दाबायला लागणारा वेळ भागिले ०.६५. काकांना ०.८ सेकंद लागले तर पाऊल सव्वा सेकंदाचं. घाईने कमी केलं की चौकट निसटते आणि पूर्ण फेरीची वाट बघावी लागते. सतत पुढचंच अक्षर उमटत असेल तर समजा, वेग जास्त आहे. फक्त ओळीतलं पहिलंच अक्षर चुकत असेल तर कारण वेगळं: ओळ निवडून अंगठा अजून उचललेला नसतो, तोवर चौकट पुढे गेलेली असते. तिथे पहिल्या अक्षरापुरता थांबा वाढवायचा. हात थरथरून दोनदा दाबलं जात असेल तर लगेचचा दुसरा दाब दुर्लक्षित करण्याची सेटिंग असते.

दोन स्विच वापरता येत असतील तर घड्याळाची गरजच नाही. एकाने चौकट पुढे न्यायची, दुसऱ्याने निवडायचं. वेळ साधावी लागत नाही, पण दाबावं खूप लागतं. अंगठा लवकर दमतो.

करून बघायचं असेल तर अँड्रॉइडवर Switch Access, आयफोनवर Switch Control. अँड्रॉइडवर व्हॉल्यूमचं बटणसुद्धा स्विच म्हणून लावता येतं.