पाच बाय पाचचा डक्ट म्हणजे लिफ्टची सोय नव्हे

बंगल्याचा नकाशा पक्का होत आला की मालकांचं एक वाक्य हमखास येतं : "लिफ्ट आत्ता नको, पण पाच बाय पाचचा डक्ट सोडून ठेवा. पुढेमागे लागलीच तर बसवू." ठेकेदार मान डोलावतो, नकाशावर एक चौकोन उमटतो, त्यात फुली पडते आणि सगळे निश्चिंत होतात. या समजुतीत तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. डक्ट सोडला की पुढे स्लॅब फोडावे लागत नाहीत, आणि ते काम खरोखरच जिवावरचं असतं. पण लिफ्टला फक्त लांबी-रुंदी लागते आणि खाली-वर जे कमी पडेल ते नंतर करता येतं, हे त्या वाक्यामागचं गृहीत मला मान्य नाही. लिफ्ट अडते ती बहुतेक वेळा खाली आणि वर. नकाशावरचा चौकोन त्या दोन्ही जागांबद्दल काहीच सांगत नाही.

साताऱ्यातलं एक घर सांगतो. तळमजला आणि वर दोन मजले. बांधून दहा वर्षं झालेली. घरातल्या आजी व्हीलचेअरवर आल्या आणि राखून ठेवलेल्या डक्टची आठवण झाली. मी वरच्या मजल्यावरून ओळंबा सोडला. वर भिंतीपासून चार इंचांवर धरलेली दोरी खाली पोचली तेव्हा अंतर पाच इंच भरलं. म्हणजे नऊ मीटरांत ती भिंत इंचभर बाहेर गेली होती. हा काही मोठा गुन्हा नव्हे, चांगल्या गवंड्याकडूनही एवढा फरक पडतो. पण समोरची भिंत मध्येच अर्धा इंच आत आली होती आणि दोन्ही बाजूंना गिलावा होता. लिफ्टच्या गाइड रेल सरळ रेषेत उभ्या राहतात, त्यामुळे सबंध उंचीत जिथे जागा सर्वांत कमी, तेवढीच जागा हिशेबात धरायची. कागदावरचे १५२५ मिलिमीटर ओळंब्यात १४७०च्या आसपास उरले.

खरा धक्का त्याखाली होता. डक्टच्या भिंती चार इंची विटेच्या, म्हणजे ११५ मिलिमीटरच्या. त्या उभ्या होत्या २३० मिलिमीटर रुंदीच्या प्लिंथ बीमच्या मध्यावर. फरशी काढताच दिसलं की बीम दोन्हीकडून सत्तावन्न-सत्तावन्न मिलिमीटर आत डोकावतोय. भिंतींत मोजलेली जागा पिटमध्ये मिळणार नव्हती, आणि प्लिंथ बीम छाटायचा विचारही करायचा नसतो.

पातळ भिंतीचा दुसरा दोष आणखी गंभीर आहे. गाइड रेलचे ब्रॅकेट भिंतीला बोल्टने घट्ट बसावे लागतात. चार इंची विटेत किंवा हलक्या एएसी ब्लॉकमध्ये अँकर बोल्ट आवळला की तो भोक मोठं करत फिरत राहतो. आज घट्ट वाटला तरी रोजच्या हादऱ्यांनी ढिला होतो. मजल्यावरच्या बीमला ब्रॅकेट लावता येतो, पण रेलच्या दोन ब्रॅकेटमधलं अंतर साधारण अडीच मीटरच्या आत ठेवतात आणि मजल्याची उंची असते तीन मीटर. म्हणून दोन स्लॅबच्या मध्येही काँक्रीटचा पट्टा हवा. नऊ इंची वीटकाम आणि प्रत्येक मजल्याच्या मध्यावर आरसीसी बँड, किंवा सरळ दीडशे मिलिमीटरची काँक्रीट भिंत, हे मला योग्य वाटतं. अर्थात जाड भिंत जागा खाते. म्हणून शाफ्टचं माप नेहमी गिलावा झाल्यावरच्या आतल्या दोन पृष्ठभागांमधलं सांगायचं. सेंटर लाइनचं नाही, बाहेरून बाहेरचंही नाही.

आता "पिट काय, नंतर खोदू" या दाव्याकडे येतो. साताऱ्याच्या घराचा प्लिंथ जमिनीपासून ४५० मिलिमीटर वर होता. फुटिंगची वरची बाजू जमिनीखाली १०५० मिलिमीटरवर. म्हणजे तळमजल्याच्या फरशीपासून फुटिंग १५०० मिलिमीटरवर लागणार. दोरीवर चालणाऱ्या साध्या लिफ्टसाठी पुरवठादाराने तयार पिट मागितला होता १४०० मिलिमीटरचा. वाटतं, बसला! पण तयार पिटच्या खाली दीडशे मिलिमीटरचा आरसीसी तळ, शंभरचा पीसीसी थर आणि वॉटरप्रूफिंग येतं. खोदाई साडेसतराशेच्या आसपास जाते, आणि डक्टच्या कोपऱ्यांतले कॉलम आपापली फुटिंग घेऊन आत उभे असतात. त्या फुटिंगच्या काठाची माती मोकळी करणं म्हणजे घराच्या पायाशी खेळणं.

तळाला तेवढं काँक्रीट लागतं का, हेही विचारलं जातं. युरोपीय मानक ईएन ८१-२० सांगतं की कारच्या बफरखाली भरलेल्या कारच्या वजनाच्या चौपट भार सोसला पाहिजे. आपल्याकडे माणशी ६८ किलो धरतात, तेव्हा चार माणसांचे २७२ किलो आणि कारचे, समजा, पाचशे. चौपट म्हणजे तीन टनांच्या वर. भरावावर टाकलेला कोबा हे सोसत नाही. तळ आणि बाजू एकसंध पेटीसारख्या ओतल्या नाहीत, तर पावसाळ्यात पिटमध्ये पाणी उभं राहतं. भिंतीवर पांढरी क्षारांची रेघ दिसली की समजावं, पाणी तिथपर्यंत चढून गेलंय.

डोक्यावरची उंची तर कोणी मोजतच नाही. साताऱ्यात डक्टवर गच्चीचाच स्लॅब सपाट नेला होता. सर्वांत वरच्या मजल्याच्या फरशीपासून त्याच्या तळापर्यंत २८५० मिलिमीटर. कारची उंची २१००, मग ७५० शिल्लक असं मालकांना वाटलं. पण कार थांब्याच्या थोडी वर सरकू शकते, तो प्रवास धरावा लागतो. कारच्या टपावर दुरुस्तीला चढलेला माणूस त्या वेळी चिरडला जाऊ नये म्हणून त्याला उकिडवं बसण्यापुरती, त्याच मानकाप्रमाणे एक मीटर उंचीची जागा राहावी लागते. मशीन शाफ्टच्या माथ्यावर असेल तर त्याचा बीम निराळा. हिशेब चार मीटरांच्या आसपास जातो. ही उंची मशीनचं पोट भरण्यासाठी नाही. ती एका मेकॅनिकच्या जिवासाठी आहे, आणि तिथे काटकसर मला सहन होत नाही.

ही उंची बांधताना जवळजवळ फुकट मिळते. जिना गच्चीवर जातो तिथे त्याची टोपी उठवावीच लागते. शाफ्ट जिन्याला खेटून घेतला की तोही त्याच टोपीत वर जातो. मात्र लिफ्ट गच्चीपर्यंत न्यायची असेल तर मोजणी गच्चीच्या फरशीपासून सुरू होते आणि टोपी अपुरी पडते.

यावर उत्तरपक्ष येतो : "आता पिटविना लिफ्ट मिळते की!" मिळते. स्क्रूवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्म लिफ्टला पन्नास मिलिमीटरची खोच आणि साधारण नेहमीच्या मजल्याएवढी उंची पुरते. साताऱ्यात शेवटी तीच बसवली. पण तिचा वेग सेकंदाला ०.१५ मीटरहून अधिक नसतो, सहा मीटरला चाळीस सेकंद लागतात, आणि बहुतेकींत तेवढा वेळ बटण दाबून धरावं लागतं. आजींचा उजवा हात थरथरतो. त्यामुळे त्यांच्याबरोबर कोणीतरी चढावंच लागतं.

म्हणून मी आता नकाशावर डक्टऐवजी शाफ्टचा उभा छेद काढतो. तळमजल्याच्या तयार फरशीपासून पिटचा तयार तळ, सर्वांत वरच्या थांब्याच्या तयार फरशीपासून माथ्याच्या स्लॅबचा तळ, गिलाव्यानंतरची आतली लांबी-रुंदी आणि बँडच्या जागा, सगळं त्यावर लिहितो. पिट आधी ओततो, फुटिंगबरोबरच, आणि लिफ्ट येईपर्यंत त्यावर काढता येईल असा काँक्रीटच्या लाद्यांचा झाकणथर ठेवतो.