फाइलची ‘मालमत्ता’ बघून लेखक ठरतो का?

‘हे पत्र त्यानेच लिहिले, फाइलवर त्याचे नाव आहे’ किंवा ‘फाइलची तारीख बघा, आमचा मसुदा आधीचा आहे’ असे दावे वादात सहज केले जातात. फाइलसोबत साठवल्या जाणाऱ्या अशा माहितीला मेटाडेटा म्हणतात. तिचा खरा उपयोग किती, हे भीमा कोरेगाव-एल्गार परिषद खटल्यातील पत्रांवरून नीट समजते. (हे भीमा कोरेगाव पुणे जिल्ह्यातले, साताऱ्याचे कोरेगाव वेगळे.)

रोना विल्सन यांचा संगणक १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी दिल्लीत जप्त केला. त्यात सापडलेली पत्रे तपास यंत्रणेने महत्त्वाचा पुरावा मानली. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने संगणकाची प्रत तपासली. तिचा पहिला अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आला. त्यातील एक निरीक्षण थेट मेटाडेटाचे होते. काही पीडीएफ पत्रे वर्ड २०१० किंवा २०१३ मधून तयार झालेली दिसत होती, पण विल्सन यांच्या संगणकावर वर्ड २००७ होते. पीडीएफ बनवताना वर्ड आपले नाव आणि आवृत्ती फाइलमध्ये लिहून ठेवते, म्हणून हे कळले.

आता एवढ्यावरून काय सिद्ध होते? त्या पीडीएफ त्या संगणकावरच्या वर्डमधून बनलेल्या नाहीत, इतकेच. त्या कोणी पाठवल्या आणि विल्सन यांनी जपून ठेवल्या, असेही कोणी म्हणू शकते. म्हणून आर्सेनलचा भर आवृत्तीवर नव्हता, तर डिस्कवरच्या इतर खुणांवर होता. नेटवायर नावाचा दूरनियंत्रणाचा मालवेअर संगणकात होता, फाइली त्याच्यामार्फत लपवलेल्या फोल्डरमध्ये आल्या आणि त्या तिथे कधी उघडल्या गेल्याची खूण सापडली नाही, असे अहवाल म्हणतो. एनआयएने हे निष्कर्ष फेटाळले आहेत. विल्सन यांना जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. जामीन म्हणजे पत्रांच्या खरेपणावरचा निकाल नव्हे. आणि उलट बाजूही लक्षात घ्या: पत्रांवर लेखक म्हणून विल्सन यांचे नाव असते, तरी तो पुरावा तितकाच कमजोर ठरला असता.

याचे कारण ही माहिती कशी साठते त्यात आहे. .docx फाइल म्हणजे एक झिप पेटी असते. प्रतीचे नाव बदलून शेवटी .zip करा आणि उघडा. docProps फोल्डरमधील core.xml मध्ये लेखकाचे नाव आणि तारखा असतात, तर app.xml मध्ये TotalTime म्हणजे संपादनाचा वेळ मिनिटांत असतो.

समजा साताऱ्याच्या कोरेगावात जयंतीच्या स्मरणिकेतील १५०० शब्दांच्या लेखावरून वाद झाला आणि फाइलमध्ये हे दिसले:

```
<dc:creator>Admin</dc:creator>
<dcterms:created>2025-04-02T19:10:00Z</dcterms:created>
<TotalTime>4</TotalTime>
```

Admin हे नाव वर्डमध्ये ज्याची नोंद आहे त्याचे. सायबर कॅफेत टाइप केलेल्या प्रत्येकाच्या लेखावर तेच येईल. तारखेच्या शेवटी Z आहे, म्हणजे वेळ जागतिक प्रमाणवेळेतली. साडेपाच तास मिळवले की आपल्याकडे ३ एप्रिलचे रात्रीचे १२:४० होतात. अनेकजण इथेच एक दिवस चुकतात. शिवाय ही वेळ संगणकाच्या घड्याळावरून घेतलेली, आणि घड्याळ कोणीही मागे नेऊ शकतो.

चार मिनिटांत १५०० शब्द टाइप होत नाहीत, हे खरे. तेव्हा मजकूर कुठून तरी चिकटवला गेला असावा. पण कुठून? दुसऱ्याच्या लेखातून, की लेखिकेने स्वतःच मोबाइलवर लिहून व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेल्या मजकुरातून? चार हा आकडा दोन्ही बाबतीत सारखाच येईल. उलट ३०० मिनिटे दिसली तरी तेवढे लेखन झाले असे नाही. फाइल उघडी ठेवून माणूस जेवायला गेला तरी मिनिटे वाढू शकतात.

विंडोज दाखवते ती ‘निर्मिती’ची तारीख तर त्याहून फसवी. पेनड्राइव्हवरून कॉपी केली की ती कॉपीच्या दिवसाची होते, आणि फाइल बदलल्यानंतर जन्मल्यासारखी दिसते. यात बनावट काही नसते.

म्हणून अशा वादात फाइलचे आकडे प्रश्न विचारायला वापरावेत. चार मिनिटे दिसली, तर मूळ मजकूर मागा: व्हॉट्सअ‍ॅपचा संदेश, वहीतले पान, गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास. लेख वाढत गेल्याच्या खुणा खोट्या उभ्या करणे एक नाव बदलण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते.

आणि तपासण्याआधी मूळ फाइलला हात लावू नका. वर्डमध्ये उघडून चुकून ‘सेव्ह’ झाले तरी बदलाची तारीख आणि शेवटचा संपादक बदलतो. आधी प्रत घ्या आणि मूळ फाइलचा हॅश नोंदवा:

```
certutil -hashfile lekh.docx SHA256
```

प्रकरण न्यायालयात गेले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या नमुन्यात हॅश लिहावाच लागतो. तो फाइल नंतर बदलली नाही एवढेच सांगतो. ती आधीच बनावट असेल तर हॅशला ते कळत नाही.