कंट्रोलरचा विलंब आणि टीव्हीचा गेम मोड

व्हिडिओ गेममध्ये बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो त्याला विलंब किंवा लॅग म्हणतात. कंट्रोलर बटणाची खबर कन्सोलला पोचवतो, गेम त्यावरून पुढचे चित्र रचतो आणि टीव्ही ते दाखवतो. या तिन्ही टप्प्यांत थोडाथोडा वेळ जातो. खेळणाऱ्याला मात्र फक्त बेरीज जाणवते, आणि तिचा दोष बहुधा हातातल्या वायरलेस कंट्रोलरवर येतो. टप्पे वेगळे करून मोजले, तर घरातल्या मोठ्या टीव्हीवर खरा खर्च बहुतेक वेळा पडद्याकडे निघतो.

वायरमधून वीज जवळजवळ तत्क्षणी धावते हे खरे, पण कंट्रोलरचा विलंब प्रवासात नसून हजेरीत आहे. यूएसबीवर कन्सोल किंवा संगणक ठरावीक अंतराने कंट्रोलरकडे विचारणा करतो. ती सेकंदाला 125 वेळा होत असेल तर दोन विचारणांत 8 मिलिसेकंद जातात, 250 वेळा होत असेल तर 4. ब्लूटूथवरही असेच ठरलेले अंतर असते आणि ते दर वेळी जास्तच असते असे नाही. प्लेस्टेशन 4 चा कंट्रोलर संगणकाला जोडून केलेल्या मोजणीत ब्लूटूथ यूएसबीपेक्षा जलद आढळले, कारण तिथे कंट्रोलर अधिक वेळा खबर देत होता. शिवाय वायर लावली म्हणजे ती वापरली जातेच असेही नाही. प्लेस्टेशन 5 मध्ये Communication Method या सेटिंगमध्ये यूएसबी निवडले नसेल, तर वायर फक्त चार्जिंग करते आणि खबर ब्लूटूथनेच जात राहते.

समजा, वायरलेसमुळे 4 मिलिसेकंद जास्त लागतात. 60 फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे 16.7 मिलिसेकंदांची असते आणि बटणाची नोंद साधारणपणे फ्रेममागे एकदाच घेतली जाते. म्हणून चारांतल्या तीन वेळा या उशिराने काहीच बदलत नाही. चौथ्या वेळी तेवढी नोंद पुढच्या फ्रेमवर ढकलली जाते. याउलट टीव्हीच्या नेहमीच्या चित्रपद्धतीत विलंब 100 मिलिसेकंदांपर्यंत सहज जातो, म्हणजे सहा फ्रेम, आणि त्या प्रत्येक दाबाला मोजाव्या लागतात. हालचाल मऊ दिसावी म्हणून टीव्ही दोन फ्रेमच्या मधली फ्रेम स्वतः तयार करतो, आणि पुढची फ्रेम हाती आल्याशिवाय मधली तयार होऊच शकत नाही. चित्रातला कण काढणे, कडा धारदार करणे ही कामेही चित्र अडवून धरतात. गेम मोड यांतली बहुतेक कामे बंद करतो, आणि हल्लीच्या अनेक टीव्हींत विलंब 10 ते 20 मिलिसेकंदांवर येतो.

माणसाची प्रतिक्रियाच 200 मिलिसेकंदांच्या आसपास असते, मग टीव्हीच्या जादा 80 ने काय बिघडते, असा आक्षेप घेतला जातो. पण हा विलंब प्रतिक्रियेत लपत नाही, तिच्यावर चढतो. मारामारीच्या गेममधला 20 फ्रेमचा वार 333 मिलिसेकंदांत येतो. त्यातून प्रतिक्रियेचे 200 गेले की 133 उरतात, आणि टीव्हीने 100 घेतले तर वार अडवायला जेमतेम दोन फ्रेम राहतात. दुसरा आक्षेप असा, की स्पर्धांत वायरच वापरतात. त्यामागचे मोठे कारण सरासरी वेग नसून खात्री हे आहे. एकाच सभागृहात डझनभर कंट्रोलर आणि वायफाय 2.4 गिगाहर्ट्झवर बोलू लागले की काही खबरा पुन्हा पाठवाव्या लागतात, विलंब दाबागणिक बदलतो, आणि बदलत्या विलंबाची हाताला सवय लावता येत नाही. घरातही कंट्रोलर मधूनच अडखळत असेल तर वायर हाच योग्य उपाय आहे. विलंब कायम आणि सारखाच असेल तर संशय टीव्हीवर घ्यावा.

पडताळणीला फोनचा सेकंदाला 240 फ्रेमचा स्लो-मोशन कॅमेरा पुरतो. अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घ्यावेत आणि बटण दबल्यापासून चित्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. एक फ्रेम म्हणजे सुमारे 4.2 मिलिसेकंद. नेहमीच्या मोडमध्ये 42 आणि गेम मोडमध्ये 22 भरल्या, तर फरक 83 मिलिसेकंदांचा. नंतर फक्त कंट्रोलरची जोडणी वायरलेसवरून वायरवर बदलून पुन्हा मोजावे. दर वेळी दहा-बारा दाबांची सरासरी घ्यावी, कारण दाब फ्रेमच्या सुरुवातीला पडला की शेवटाला, यावर एकेक मोजणी हलते.

गेम मोड बहुधा प्रत्येक एचडीएमआय जोडणीसाठी वेगळा लक्षात ठेवला जातो, त्यामुळे कन्सोलची केबल दुसऱ्या खाचेत गेली की तो नकळत बंद सापडतो. एचडीएमआय 2.1 सोबत आलेल्या एएलएलएम सोयीने कन्सोल स्वतःच टीव्हीला गेम मोडमध्ये जायला सांगतो, मात्र ती दोन्हीकडे असावी आणि चालू असावी लागते. काही टीव्ही गेम मोडमध्येही हालचाल मऊ करण्याचा पर्याय देतात. तो लावला की वाचवलेला वेळ पुन्हा जातो. गेमने स्वतः चित्र रचायला घेतलेला वेळ मात्र टीव्हीच्या कोणत्याही मोडने कमी होत नाही, आणि 30 फ्रेमच्या गेममध्ये तोच सर्वांत मोठा वाटा असू शकतो.