मुलींचे अकाली वयात येणे

मुलीला वयाची आठ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी स्तनांची वाढ सुरू झाल्यास त्यास '''अकाली वयात येणे''' किंवा '''अकाल यौवनारंभ''' असे म्हणतात. मुलींमध्ये हे बदल सामान्यतः आठ ते तेरा या वयात सुरू होतात. आठ वर्षांखालील मुलीच्या योनीतून होणारा रक्तस्राव हाही याच विषयात मोडतो. मात्र अशा रक्तस्रावाला मासिक पाळी समजणे पुष्कळदा चूक ठरते. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर या तालुक्यांच्या संदर्भात ही लक्षणे कशी ओळखावीत आणि बालरोगतज्ज्ञांकडे केव्हा जावे, याची माहिती दिली आहे.

== बदलांचा क्रम ==

वयात येण्याच्या बदलांना ठरावीक क्रम असतो. मुलींमध्ये बहुधा प्रथम स्तनाग्राखाली बोराएवढी, किंचित दुखरी गाठ हाताला लागते. त्यानंतर उंची झपाट्याने वाढते, काखेत व जांघेत केस येतात, आणि स्तनांची वाढ सुरू झाल्यावर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. बोलीभाषेत ‘न्हाण येणे’ किंवा ‘शहाणी होणे’ हे शब्द पहिल्या पाळीसाठी वापरले जातात. त्यामुळे वयात येणे म्हणजे रक्तस्राव, असा समज रूढ झाला आहे. वस्तुतः पाळी हा या क्रमाचा शेवटचा टप्पा होय.

तपासणीची दिशा या क्रमावरूनच ठरते. छातीत वाढ नसताना रक्तस्राव झाला, तर ती पाळी नसून त्याचे कारण बहुतेक वेळा योनीत किंवा तिच्या आसपास असते. छातीत वाढ असेल, तर ती कोणत्या संप्रेरकामुळे झाली व किती वेगाने होत आहे, हे पाहावे लागते. नवजात मुलीच्या बाबतीत मात्र जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात योनीतून थोडे रक्त जाणे व छाती फुगलेली दिसणे स्वाभाविक असते. आईच्या शरीरातून मिळालेली संप्रेरके ओसरल्यामुळे तसे घडते. अशा बाळाची छाती पिळू नये. त्यामुळे जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकते.

== छातीत वाढ नसताना रक्तस्राव ==

लहान मुलीच्या योनीचे अस्तर पातळ व नाजूक असते. तेथे जंतुसंसर्ग झाल्यास किंवा जंतांमुळे सतत खाजवले गेल्यास चड्डीवर रक्ताचे डाग पडतात. दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित स्राव औषधाने थांबून पुन्हा पुन्हा सुरू होत असेल, तर योनीत काही अडकले असावे अशी शंका घ्यावी. कागदाचा किंवा कापडाचा बोळा, बी, मणी अशा वस्तू मुली खेळताना आत घालतात व विसरून जातात. ओढ्यात किंवा साचलेल्या पाण्यात आंघोळ केल्यानंतर योनीत जळू शिरल्याची उदाहरणे भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. या रक्तस्रावात वेदना नसतात. परंतु जळूच्या लाळेतील द्रव्यामुळे रक्त गोठत नाही व ते वाहत राहते. डोंगराळ, ओढ्यानाल्यांच्या प्रदेशात डॉक्टरांना आंघोळीची ही माहिती आवर्जून सांगावी. पडल्यामुळे झालेली इजा, मूत्रमार्गाचे अस्तर बाहेर येणे आणि क्वचित योनीतील अर्बुद ही अन्य कारणे होत.

लैंगिक अत्याचार हेही एक कारण असू शकते, आणि ते पालकांना माहीत असेलच असे नाही. अशी शंका असल्यास तपासणीपूर्वी मुलीला आंघोळ घालू नये, कपडे धुऊ नयेत आणि तिला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारू नयेत. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरने, पालकाच्या किंवा मुलीचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत करावयाची असते. अशा घटनेची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याचे कायदेशीर बंधन आहे. प्रथमोपचार व उपचार शासकीय आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांनी विनामूल्य देणे आवश्यक असते. बालसाहाय्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे.

आठ वर्षांखालील मुलीच्या योनीतून एकदा जरी रक्त गेले, तरी ‘लवकर आली असेल’ म्हणून घरी वाट पाहू नये. रक्त वाहत असल्यास, मार लागला असल्यास किंवा अत्याचाराची शंका असल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. एरवी एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवावे.

== छातीत वाढ ==

स्थूल मुलीच्या छातीवर चरबीमुळेही उंचवटा दिसतो. तिला उताणे झोपवून स्तनाग्राभोवती बोटांनी हळुवार चाचपल्यास फरक कळतो. चरबी सर्वत्र मऊ लागते, तर स्तनग्रंथी चकतीसारखी, कडेने वेगळी जाणवते. सुरुवातीस गाठ एकाच बाजूला असणे सामान्य आहे व दुसरी बाजू काही महिन्यांनी वाढते. ही गाठ म्हणजे भावी स्तनाचा अंकुर असतो. ती रोग समजून कापली किंवा सुईने तपासली, तर त्या बाजूचा स्तन पुढे नीट वाढत नाही. लेप लावणे, चोळणे व घट्ट बांधणे यांचाही उपयोग होत नाही.

दोन-तीन वर्षांखालील मुलीत केवळ छातीत किंचित वाढ असेल आणि उंची नेहमीच्या गतीने वाढत असेल, तर ती वाढ बहुधा आपोआप थांबते किंवा मावळते. तरीही एकदा तपासणी करून तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहणे योग्य असते. तीन ते आठ वर्षांच्या मुलीत मात्र मेंदूतील हायपोथॅलॅमस व पीयूषिका ग्रंथी वेळेआधी जाग्या झाल्या आहेत काय, हे पाहावे लागते. बहुसंख्य मुलींमध्ये याचे विशिष्ट कारण सापडत नाही. थोड्या मुलींमध्ये मेंदूतील गाठ किंवा पूर्वीचा मेंदूविकार आढळतो. वय सहापेक्षा कमी असल्यास ही शक्यता अधिक असते. डोकेदुखी, सकाळच्या उलट्या, झटके किंवा दृष्टी मंदावणे यांपैकी काही असल्यास विलंब करू नये.

बाहेरून संप्रेरक पोटात गेल्यानेही छाती वाढते. आशा कार्यकर्तीमार्फत मिळणाऱ्या माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या घरात उघड्यावर असतील, तर लहान मूल त्या खाऊ शकते. डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नांत हा एक असतो. ब्रॉयलर कोंबडी किंवा पिशवीतील दूध हेच कारण असल्याचे बरेच लोक ठामपणे सांगतात. त्याला पुरेसा पुरावा नाही. मुलींमधील स्थूलतेचा व लवकर वयात येण्याचा संबंध मात्र अनेक अभ्यासांत दिसला आहे.

== एक कल्पित उदाहरण ==

पहिलीत प्रवेश घेताना सहा वर्षांच्या मुलीची उंची ११२ सेंटीमीटर होती. बारा महिन्यांनी ती १२१ भरली आणि दोन्ही स्तनाग्रांखाली गाठी लागल्या. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटीमीटर वाढ अपेक्षित असते. येथे ती नऊ झाली. घरच्यांना मुलगी ‘चांगली उफाड्याची’ वाटते, आणि दिशाभूल होते ती येथेच. डाव्या हाताच्या व मनगटाच्या क्ष-किरण चित्रात हाडांचे वय साडेनऊ वर्षे दिसते. याचा अर्थ असा, की वाढीसाठी उरलेला काळ झपाट्याने संपत आहे. आज वर्गात सर्वांत उंच असलेली ही मुलगी प्रौढपणी सर्वांत ठेंगणी राहू शकते. रक्तातील एलएच हे संप्रेरक लहान मुलीत अत्यल्प असते. ते वाढलेले आढळले, तर सुरुवात मेंदूतून झाल्याचे स्पष्ट होते. संशय राहिल्यास इंजेक्शन देऊन ठरावीक वेळाने रक्त पुन्हा तपासतात. सोनोग्राफीत गर्भाशय व बीजांडकोश वाढलेले दिसतात आणि आवश्यकतेनुसार मेंदूचे एमआरआय केले जाते.

याच्या उलट चित्रही लक्षात ठेवावे. छाती वाढली आहे, रक्तस्रावही झाला आहे. परंतु मुलीची उंची खुंटली आहे, ती सुस्त आहे, तिला बद्धकोष्ठ आहे आणि हाडांचे वय मागे आहे. अशा वेळी दीर्घकाळ उपचार न झालेली थायरॉइडची तीव्र कमतरता हे कारण असू शकते. येथे साधी रक्ततपासणी निदान करते, आणि रोजच्या थायरॉक्सिनच्या गोळीने छातीची वाढ व रक्तस्राव दोन्ही मागे हटतात. बीजांडकोशात मोठी गाठ दिसली, तरी थायरॉइड तपासल्याशिवाय शस्त्रक्रिया करू नये, असे सांगितले जाते ते यासाठीच.

== उपचार ==

प्रत्येक मुलीला औषध लागत नाही. सात-आठ वर्षांच्या मुलीत बदल सावकाश होत असतील, तर दर तीन ते सहा महिन्यांनी उंची मोजून लक्ष ठेवणे पुरेसे असते. वय लहान असल्यास किंवा बदल वेगाने होत असल्यास ल्यूप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन यांची इंजेक्शने दर २८ दिवसांनी अथवा अधिक मात्रेची दर बारा आठवड्यांनी देतात. पहिल्या इंजेक्शनानंतर क्वचित थोडा रक्तस्राव होतो. तो औषधाचा अपेक्षित परिणाम असतो, पण डॉक्टरांना कळवावा. साधारण अकराव्या वर्षाच्या सुमारास औषध थांबवतात. त्यानंतर थांबलेले बदल पुढे सुरू होतात आणि पाळी बहुधा वर्ष-दीड वर्षात येते. या औषधाने मुलगी वांझ होते, ही भीती निराधार आहे.

इंजेक्शन चुकत राहिले, तर दबलेली ग्रंथी पुन्हा जागी होते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबांच्या बाबतीत ही अडचण खरी आहे. जाण्यापूर्वी डॉक्टरांना तसे सांगितल्यास बारा आठवड्यांच्या इंजेक्शनाचा किंवा तेथील जवळच्या रुग्णालयाचा विचार करता येतो.

== कर्जत व खालापूर परिसरात ==

कर्जत येथे उपजिल्हा रुग्णालय आहे. कर्जत तालुक्यातील कशेळे आणि खालापूर तालुक्यातील चौक येथे ग्रामीण रुग्णालये आहेत. पहिली तपासणी तेथे होऊ शकते व पुढील चिठ्ठी मिळते. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत व शासकीय शाळांत येते. त्यांच्यासमोरही ही शंका मांडता येते. बालसंप्रेरकतज्ज्ञ मात्र मोठ्या शहरांतच भेटतात. या परिसरातून मध्य रेल्वेच्या लोकलने गाठता येणारे परळचे बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालय हे मुलांसाठीचे जुने रुग्णालय असून तेथे हा विभाग आहे.

जाताना जन्माचा दाखला किंवा माता-बाल संरक्षण कार्ड, तसेच अंगणवाडी व शाळेतील उंची-वजनाच्या नोंदी सोबत न्याव्यात. जुन्या एका उंचीमुळे वाढीचा वेग त्याच भेटीत काढता येतो. ती नसल्यास काही महिने थांबावे लागते. या नोंदी भारतीय बालरोग अकादमीच्या २०१५ च्या वाढतक्त्यावर मांडल्या जातात. जन्मतारखेबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. दाखला नसलेल्या अनेक मुलांची जन्मतारीख शाळेत १ जून अशी लिहिलेली असते. आठ वर्षांची सीमा महत्त्वाची असल्याने, ती तारीख अंदाजाची असल्यास डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. कारण या विकारात हाडांचे वय आधीच बदललेले असते आणि त्यावरून खरे वय ठरवता येत नाही.