लाभांशाआधीचा कॉल

१२. विकलेला कॉल लाभांशाच्या आदल्या दिवशीच वापरला जाईल, ही जयपूरच्या एका दलालाची धास्ती २०११पूर्वीची आहे. तेव्हा एनएसईवर शेअरचे कॉल मुदतीआधीही वापरता येत आणि हिशोब रोखीत होई. समजा शेअर ५२०ला आहे, विकलेला कॉल ४५०चा आणि उद्याच्या एक्स-डिव्हिडंड तारखेचा लाभांश ८ रुपये. उद्या शेअर साधारण ५१२वर उतरेल. लाभांश कॉलधारकाला मिळत नाही. त्याच्या हाती ६२ आणि उरलेल्या मुदतीचा जेमतेम १, असे ६३ उरतील. आज वापरला तर ७० रोख! शहाणा धारक थांबत नाही, आणि विकणाऱ्याला ७० मोजावे लागतात. त्याच स्ट्राइकचा पुट लाभांशापेक्षा बराच स्वस्त दिसला, की हा धोका समोर आहे असे समजावे. २०११ साली ऑप्शन युरोपीय पद्धतीचे झाले, तेव्हापासून भारतात ही भीती उरली नाही. अमेरिकी शेअरवर कॉल विकणाऱ्याला मात्र ती आजही आहे.