राउटर रिसेट करण्याआधी नेटचा आयडी-पासवर्ड कसा वाचवाल?

राउटरच्या मागे एक बारीक छिद्र असते. त्यात सेफ्टी पिन घालून दहा सेकंद दाबली की राउटर फॅक्टरी रिसेट होतो. वायफायचा पासवर्ड पुसला गेला तरी बिघडत नाही, तो नवा ठेवता येतो. पण त्यासोबत नेटवाल्याने जोडणीच्या दिवशी भरलेला युजरनेम आणि पासवर्डही जातो आणि तो बहुतेक घरांत कुणीच लिहून ठेवलेला नसतो. सुट्टीच्या दिवशी किंवा फॉर्मच्या शेवटच्या तारखेला असे झाले तर नेटवाला फोन उचलेपर्यंत बसून राहावे लागते.

आधी कोणता डबा दाबायचा ते ओळखा. फायबरच्या जोडणीत अनेक घरांत दोन डबे असतात. ज्यात बारीक फायबरची वायर जाते तो नेटवाल्याचा. त्याला हात लावू नये. त्यातली सेटिंग गेली तर बहुतेक वेळा त्यांचाच माणूस ती परत टाकू शकतो. त्या डब्यातून साधी लॅन केबल ज्यात येते तो आपला राउटर. आम्ही इथे त्याच्याबद्दलच बोलत आहोत. घरात दोन्ही कामांचा एकच डबा असेल तर नेटवाल्याला विचारल्याशिवाय रिसेट करू नका.

आता राउटरच्या पानावर जा. पत्ता राउटरखालच्या स्टिकरवर असतो, बहुधा 192.168.0.1 किंवा 192.168.1.1. आत WAN किंवा Internet नावाचे पान उघडा आणि मोबाईलने त्याचा फोटो काढा. जोडणीचा प्रकार PPPoE असेल तर खाली युजरनेम दिसेल. VLAN ID मध्ये आकडा असेल तर तोही फोटोत यायला हवा. MAC Clone असे काही असेल तर तेही पाहा. काही नेटवाले ग्राहकाच्या यंत्राचा मॅक पत्ता बांधून ठेवतात. राउटर बदलताना जुन्याचा पत्ता नव्यात टाकलेला असेल, तर रिसेटनंतर तो जातो आणि पासवर्ड बरोबर असूनही नेट चालत नाही.

अडचण पासवर्डची, कारण तिथे फक्त ठिपके दिसतात. शेजारी डोळ्याचे चिन्ह असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर लॅपटॉपवर ठिपक्यांवर राइट क्लिक करून Inspect निवडा. समोर येणाऱ्या ओळीतला पहिला शब्द बदलून दुसरा टाका:

```
type="password"
type="text"
```

काही राउटर खरा पासवर्ड पानावर पाठवतच नाहीत, नुसते खोटे ठिपके दाखवतात. मग हा उपाय चालत नाही. अशा वेळी Backup & Restore मधून फाईल उतरवून ठेवा. ती त्याच मॉडेलच्या राउटरवर परत टाकता येते; मात्र तिच्यासोबत जुन्या सगळ्या सेटिंग परत येतात. बिघाड सेटिंगमुळेच असेल तर तोही परत येईल. म्हणून आमच्या मते सरळ नेटवाल्याला फोन करून पासवर्ड विचारून घेणे बरे. राउटरच्या पानाचाच पासवर्ड विसरला असाल तर दुसरा मार्गही नाही. पण फोन रिसेटच्या आधी करा, नंतर नाही.

कागदावर सगळे उतरल्यावरच पिन घाला. राउटर चालू असताना, लाईट एकदम लुकलुकेपर्यंत दाबा आणि दोन मिनिटे थांबा. स्टिकरवरच्या नावाचे वायफाय दिसेल, त्याला मोबाईल जोडा. मोबाईलचा डेटा बंद ठेवा, नाहीतर वायफायवर नेट नाही म्हणून फोन डेटावर जातो आणि राउटरचे पान उघडत नाही. मग पानाचा नवा पासवर्ड ठेवा, PPPoE निवडा, आयडी-पासवर्ड भरा. मोबाईलचा कीबोर्ड पहिले अक्षर आपोआप मोठे करतो आणि शेवटी स्पेसही सोडतो, तेवढे तपासा. वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले तर टीव्ही, प्रिंटर बहुधा आपोआप जोडले जातात.

एका घराचे उदाहरण घेऊ. सगळे भरले, तरी WAN पानावर IP च्या जागी 0.0.0.0 दिसते. खाली पासवर्ड चुकल्याचा किंवा authentication failed असा संदेश असेल, तर केबल ठीक आहे, समोरून उत्तर येते आहे. अक्षरे पुन्हा तपासा. ती बरोबर असतील तर नेटवाल्याकडे जुनी जोडणी अजून चालू दिसत असेल. राउटर दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा लावा. पण संदेश no response चा असेल तर पासवर्डमागे लागू नका. आधी केबल निळ्या किंवा WAN लिहिलेल्या खाचेतच आहे का पाहा, मग फोटोतला VLAN ID आणि मॅक पत्ता भरा. तरीही नेट आले नाही, तर फायबरच्या डब्यावर LOS चा लाल दिवा आहे का बघा. तो लाल असेल तर बिघाड बाहेरच्या वायरीत आहे आणि ती नेटवाल्यानेच जोडायची आहे.